गाडी सेकंड हँड घेताय? मालक, बोजा आणि क्लेम घरबसल्या असे तपासा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये भाच्याचा फोन आला. चिंचवडला एक गाडी बघून आला होता. एप्रिल २०१८ चं पासिंग, एमएच १४, पेट्रोल, रंग चकाचक. "मामा, फर्स्ट ओनर आहे, लोन क्लोज आहे, एकही क्लेम नाही. पाच हजार विसार देऊन टाकू का?" मी म्हटलं, आज रात्री देऊ नकोस. आधी गाडीचा नंबर पाठव, आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठव आणि चालू विमा पॉलिसीची पूर्ण पीडीएफ मागून घे.

विकणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्या होत्या: मालक एक, कर्ज नाही, क्लेम नाही. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांना वाटतं की नंबर टाकला की तिन्हींची उत्तरं एकाच पानावर मिळतात. तसं होत नाही. सरकारच्या 'वाहन' नोंदीत कर्जाची माहिती बऱ्यापैकी पक्की मिळते, मालकांची अर्धीमुर्धी मिळते आणि क्लेमची अजिबात मिळत नाही. म्हणून तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी शोधायच्या. भाच्याच्या गाडीसाठी आम्ही जे केलं, तेच इथे क्रमाने सांगतो.

आधी सरकारी नोंद काढा

parivahan.gov.in वर `Know Your Vehicle Details` नावाची सेवा आहे. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून खातं उघडायचं, मग गाडीचा नंबर टाकायचा. हीच माहिती mParivahan या अ‍ॅपवरही मिळते. यासाठी एजंटची गरज नाही. खासगी कंपन्या 'व्हेइकल हिस्टरी रिपोर्ट' म्हणून जे विकतात, त्यातली मालक, पासिंग, विमा आणि कर्जाची पानं बहुतेक वेळा याच नोंदीवरून तयार झालेली असतात. त्यामुळे आधी हे बघा, मग वाटलं तर रिपोर्ट विकत घ्या.

स्क्रीनवर मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरं झाकलेली असतात. तरी पहिली अक्षरं आणि नावाची लांबी आरसीवरच्या नावाशी ताडून बघता येते. पुढे पासिंगची तारीख, आरटीओ, इंधन, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत आणि गाडीची स्थिती दिसते. स्थिती `ACTIVE` असायला हवी. एनओसी दिलेली आहे, नोंदणी निलंबित किंवा रद्द आहे, असं काही दिसलं तर तिथेच थांबा आणि विकणाऱ्याकडून आधी लेखी खुलासा घ्या. एनओसी निघालेली गाडी म्हणजे तिचे कागद दुसऱ्या आरटीओकडे जायला निघालेले आहेत. ते कुठे पोहोचले, हे कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इथे विम्याच्या तारखेने नवखे लोक फसतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. त्यामुळे नव्या गाडीच्या नोंदीत विमा अजून दोन वर्षं चालू दिसला, तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कदाचित कधीच संपलेला असतो. ती तारीख फक्त पॉलिसीच्या कागदावर कळते.

नोंद मिळाली की गाडीपाशी जाऊन आरसीवरचा चॅसी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर एक-एक अक्षर वाचून जुळवा. कंपनीप्रमाणे तो इंजिनच्या मागच्या पत्र्यावर किंवा सीटखाली गालिच्याच्या कापाआड असतो. तो जुळला नाही, तर वर पाहिलेली सगळी माहिती दुसऱ्याच गाडीची असू शकते.

मालक किती: कागदावर आणि प्रत्यक्षात

आरसीवर मालकाचा अनुक्रमांक असतो. भाच्याच्या गाडीला तिथे १ होता, म्हणजे कागदावर फर्स्ट ओनर खरं. पण हा आकडा आरटीओत झालेल्या ट्रान्सफर मोजतो, गाडीने बदललेले हात मोजत नाही. आपल्याकडे 'ओपन फॉर्म'वर गाड्या विकायची सवय जुनी आहे. पहिला मालक ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर कोऱ्या सह्या करून देतो, गाडी घेणारा ती वर्ष-दोन वर्षं वापरतो आणि ट्रान्सफर न करताच त्याच सह्यांवर पुढे विकतो. अशा गाडीला तीन मालक होऊन गेले तरी नोंदीत एकच दिसतो.

हे ओळखायचं कसं? पहिली खूण म्हणजे मोबाइल. आरटीओच्या नोंदीत मालकाचा मोबाइल असतो आणि ट्रान्सफरच्या वेळी ओटीपी त्यावर येतो. तो मोबाइल विकणाऱ्याकडेच आहे का ते विचारा आणि सोबत सरळ सांगा, "तुमच्या डिजिलॉकरमध्ये आरसी उघडून दाखवा." डिजिलॉकरमध्ये आरसी यायला आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळावं लागतं. खरा मालक ते दोन मिनिटांत दाखवतो. क्वचित नावाच्या स्पेलिंगमुळे अडतं, मग आधार आणि लायसन्स बघून खात्री करावी. पण "मालक माझा मित्र आहे, गावाला गेलाय, फॉर्म सही करून ठेवलेत" हे उत्तर आलं, तर ती ओपन फॉर्मची गाडी समजा. मग मूळ मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याला एकच प्रश्न विचारा: गाडी तुमच्या हातातून कधी गेली?

दुसरी खूण सर्व्हिसच्या नोंदीत सापडते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक भेटीला गाडी कुणी आणली, त्याचं नाव आणि फोन लिहिलेला असतो. २०१८ ते २०२१ एक नाव, मग दुसरं नाव आणि दुसरा फोन, आणि आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर, असं दिसलं तर मधला मालक तुम्हाला सापडला.

डीलरकडून घेत असाल तर आणखी एक कागद मागता येतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता घ्यावी लागते आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली, की तशी सूचना पोर्टलवर फॉर्म २९सी मध्ये द्यायची असते. ती दिलेली असेल तर गाडी डीलरकडे कधी आली, हे तारखेसकट कळतं. "हे आम्ही करत नाही" असं म्हणणारा डीलर दिसला, तर मी तरी गाडी बघायलाही थांबत नाही. पुढे काही झालं तर तिथे जबाबदार धरायला कागदावर कोणीच नसतं.

बोजा आहे का, आणि कुणाचा

कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आरसीवर चढतो. एजंट त्याला 'एचपी' म्हणतात. सरकारी नोंदीत फायनान्सरचं नाव किंवा गाडी तारण असल्याचा शेरा दिसतो. भाच्याच्या गाडीवर नाव होतं देना बँकेचं. भाचा घाबरला, "मामा, ही बँकच आता नाही!"

हे बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत होतं. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. त्यानंतर वर्षभराने, १ एप्रिल २०२० ला, आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत आणि ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स व युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत गेल्या. आरसीवर जुनं नाव असलं तरी कर्ज संपल्याचं पत्र, म्हणजे बँकेची एनओसी, आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आता नव्या बँकेकडूनच घ्यावा लागतो. म्हणून नाव ओळखीचं नसलं, की आधी ती बँक आज कुठे आहे ते शोधा.

दुसरी गोष्ट, बोजा दिसतो म्हणजे कर्ज बाकीच आहे असं नाही. शेवटचा हप्ता गेला की लोक निवांत होतात, बँकेची एनओसी कपाटात जाते आणि आरटीओतला बोजा तसाच राहतो. या गाडीचं तेच झालं होतं. विकणाऱ्या गृहस्थांनी २०२१ मध्ये कर्ज फेडलं होतं, एनओसीचा कागदही होता, पण तीन वर्षं जुना. अशा एनओसीवर बहुतेक वेळा तीन महिन्यांची मुदत छापलेली असते. ती उलटली की बँकेकडून नवी घ्यावी लागते. त्यांना एक अर्ज घेऊन शाखेत जावं लागलं, नवी एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणावा लागला आणि पोर्टलवर बोजा उतरवण्याचा अर्ज करावा लागला. यात आठ-दहा दिवस गेले. भाच्याला हा उशीर खटकला, पण बोजा असलेली गाडी ट्रान्सफरला दिली असती तर ती त्याच टेबलावर अडकली असती आणि तोवर त्याचे पैसे समोरच्याच्या खात्यात गेलेले असते.

एनओसीचा कागद हातात आला म्हणजे काम झालं, असंही समजू नका. कागद खोटाही असू शकतो. एनओसीवरचा कर्ज खाते क्रमांक घेऊन विकणाऱ्यासोबत शाखेत जा किंवा त्याच्या बँकिंग अ‍ॅपमध्ये ते खातं बंद झालेलं बघा. आणि शेवटी, पोर्टलवर पुन्हा नंबर टाकून फायनान्सरचं नाव गेल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्याआधी पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

कर्ज खरंच बाकी असेल तर? तरीही व्यवहार होऊ शकतो. विकणाऱ्याने बँकेकडून कर्ज मुदतीआधी बंद करण्याची रक्कम लिहिलेलं पत्र आणायचं. समजा गाडी ४ लाख ६० हजारांना ठरली आणि कर्ज १ लाख १२ हजार बाकी आहे. ते १ लाख १२ हजार तुम्ही थेट बँकेच्या त्या कर्ज खात्यात भरा, चेक असेल तर बँकेच्या नावे, कर्ज खाते क्रमांक लिहून. पत्रावरची रक्कम ठराविक तारखेपर्यंतच चालते, त्यानंतर व्याज वाढतं, म्हणून तारीख बघून भरा. उरलेले पैसे एनओसी आणि फॉर्म ३५ आल्यावर. "मला द्या, मी भरतो" हे कुणाचंही ऐकू नका, अगदी ओळखीचा असला तरी.

एक मर्यादा लक्षात ठेवा. नोंदीत फक्त नोंदवलेला बोजा दिसतो. गाडीवर नुकतंच कर्ज घेतलं आणि त्याचा अर्ज अजून आरटीओत पोहोचला नाही, तर नोंद कोरी दिसते. म्हणून विसार देण्याच्या दिवशी एकदा आणि मोठी रक्कम देण्याच्या सकाळी पुन्हा एकदा, अशी दोनदा नोंद काढायची.

क्लेम: एनसीबीच्या टक्क्यात लपलेला इतिहास

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्याकडे कुठल्याही गाडीचा नंबर टाकून तिचे जुने विमा क्लेम बघता येतील, असं सामान्य ग्राहकाला उघडं सरकारी पान नाही. खासगी रिपोर्टमध्ये 'क्लेम: आढळले नाहीत' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बऱ्याचदा 'आमच्याकडे माहिती नाही' एवढाच असतो. त्यावर विसंबू नका. पॉलिसीच्या कागदातच याचं उत्तर असतं.

विमा पॉलिसीत 'नो क्लेम बोनस' म्हणजे एनसीबीचा टक्का छापलेला असतो. एक वर्ष क्लेम केला नाही की पुढच्या पॉलिसीत २० टक्के, दोन वर्षं झाली की २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. ५० च्या वर तो जात नाही. आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एकही क्लेम केला, की पुढच्या पॉलिसीत तो शून्यावर येतो.

भाच्याच्या गाडीवर हे लावून बघू. एप्रिल २०१८ ला नवी गाडी, एनसीबी शून्य. एकही क्लेम नसता तर एप्रिल २०१९ ला २०, २०२० ला २५, २०२१ ला ३५, २०२२ ला ४५, २०२३ ला ५० आणि २०२४ ला पुन्हा ५० टक्के दिसायला हवा होता. पीडीएफ उघडली, तर एप्रिल २०२४ च्या पॉलिसीत एनसीबी होता २५ टक्के. २५ म्हणजे मागची दोनच वर्षं क्लेमविना गेली. म्हणजे २०२३ च्या पॉलिसीत २० आणि २०२२ च्या पॉलिसीत शून्य. मग क्लेम पडला होता एप्रिल २०२१ ते एप्रिल २०२२ या वर्षात. ज्यांनी "एकही क्लेम नाही" सांगितलं, त्यांच्याच पॉलिसीने आम्हाला ते वर्ष दाखवलं.

आम्ही ते शांतपणे विचारलं. "२०२१-२२ मध्ये गाडीला काही लागलं होतं का?" क्षणभर गप्प राहून ते म्हणाले, "हो, पुढून थोडं लागलं होतं. आता आठवलं." मग त्यांनाच सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. मालक सोबत असला की तिथले लोक जुने जॉबकार्ड दाखवायला सहसा हरकत घेत नाहीत. नोव्हेंबर २०२१ चं बॉडीशॉपचं जॉबकार्ड निघालं: पुढचा बंपर, बॉनेट, दोन्ही हेडलॅम्प, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर बदलला होता, बिल १ लाख ३८ हजार, त्यातले बहुतेक विमा कंपनीने भरलेले. एअरबॅग बदलल्याची नोंद नव्हती, चॅसीच्या दांड्यांचं कामही नव्हतं. म्हणजे मार मोठा होता, पण गाडीचा सांगाडा वाचला होता. त्याच जॉबकार्डवर तेव्हाचं किलोमीटरही लिहिलेलं होतं, ते आजच्या मीटरशी जुळतंय का हेही बघून घेतलं.

एनसीबी वाचताना काही गोष्टी सांभाळा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकून नवी घेणारा आपला ५० टक्के बोनस नव्या गाडीवर घेऊन येतो. त्यामुळे दोन वर्षांच्या गाडीवर ५० टक्के दिसला म्हणून दचकू नका. उलट दुसऱ्या मालकाच्या हातात गाडी गेली की मोजणी नव्याने सुरू होते, तेव्हा कमी टक्का म्हणजे क्लेमच, असंही नाही. विमा संपून ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तरी बोनस जातो. 'एनसीबी प्रोटेक्शन' नावाचं जादा कवच घेतलेलं असेल तर क्लेम होऊनही टक्का टिकतो, म्हणून पॉलिसीतली अ‍ॅड-ऑनची यादी वाचा. आणि खिशातून पैसे भरून केलेली दुरुस्ती यात कधीच दिसत नाही. शंका राहिलीच, तर मालकाला त्याच्या नोंदवलेल्या ईमेलवरून विमा कंपनीकडे या पॉलिसीवरच्या क्लेमची माहिती मागायला सांगा. स्वच्छ मालकाला ते करायला अडचण नसते.

पूर्ण पाण्यात गेलेली गाडी ही याच गोष्टीची वाईट बाजू. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा गाडीला 'टोटल लॉस' ठरवून विमा कंपनी मालकाला विमा रक्कम देते आणि गाडी भंगार म्हणून पुढे विकली जाते. ती धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आली, तर सरकारी नोंदीत 'पुरात बुडालेली' असं कुठेच लिहिलेलं नसतं. खुणा तारखांत शोधायच्या: पुरानंतर काही महिन्यांतच बदललेला मालक, त्याच सुमाराला विम्यात पडलेला खंड, आणि नियमित चाललेली सर्व्हिस त्या महिन्यापासून अचानक थांबलेली. एमएच ०९, १० किंवा ०८ पासिंगची प्रत्येक गाडी अशी नसते, त्या भागातल्या चांगल्या गाड्यांवर अन्याय करू नका. पण या तीन तारखा एकत्र आल्या, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला गाळाचा डाग बऱ्याचदा तसाच राहिलेला असतो.

उरलेल्या दोन तपासण्या

दंडासाठी mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. थकलेला दंड विकणाऱ्याने भरावा आणि पावती तुम्हाला द्यावी. चोरीच्या शंकेसाठी एनसीआरबीच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर वाहनाची एनओसी काढता येते, त्यासाठी चॅसी आणि इंजिन नंबर पूर्ण लागतो.

भाच्याचा व्यवहार कसा झाला

अपघाताचं जॉबकार्ड समोर ठेवून बोलल्यावर त्या गृहस्थांनी किमतीतून ३५ हजार कमी केले. भाच्याने एका विश्वासू मेकॅनिककडून पुढचा भाग खालून तपासून घेतला. विसार म्हणून पाच हजार बँकेतून पाठवले आणि पावतीवर लिहून घेतलं की बोजा उतरला नाही तर विसार परत. बोजा उतरल्याचं पोर्टलवर दिसलं त्याच दिवशी फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० भरले, सह्या त्याच्यासमोर झाल्या, तारखेसकट, एकही जागा कोरी न ठेवता. उरलेले पैसे तेव्हा दिले.

गाडी घेणाऱ्याने आरटीओला ३० दिवसांत कळवायचं असतं, तर विमा नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. लोक नेमका विमा विसरतात आणि मग पहिल्याच ठोकरीला स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकतो. जुन्या मालकाचा २५ टक्के एनसीबी भाच्याला मिळाला नाही. पॉलिसी नावावर करताना त्या सवलतीचा फरक त्याने भरला.

सप्टेंबरच्या शेवटी त्याने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. फायनान्सरची जागा रिकामी होती, मालकाचा अनुक्रमांक २ होता आणि झाकलेल्या नावाची पहिली अक्षरं त्याची होती.